चित्र बादलीत बुडवणारा माणूस

"मंजू, ऐकलंस का? ज्या इंग्रजानं कलकत्त्याच्या पोरांना भारतीय चित्रकला शिकवायची म्हटलं, त्याच्याच विरुद्ध पोरांनी संप केला!"

नलूकाकूंची बातमी अशीच येते, शंभर-सव्वाशे वर्षं जुनी. पण सांगतात अशा थाटात की वाटावं, काल रात्री महाद्वार रोडवरच घडलंय. काकू शाळेत ड्रॉइंगच्या बाई होत्या. आमच्या दोन्ही घरांमधली भिंत जेमतेम छातीएवढी आहे आणि तिच्यावर कोपर टेकवायला काकूंनी जुनं पोतं घडी करून ठेवलंय. पलीकडच्या कोपऱ्याला आबांचं घर. आबांचा सगळा जन्म सिनेमाचे बॅनर रंगवण्यात गेला. नायकाचं नाक तीन फुटांचं काढायचं आणि तरी ते नाकच दिसलं पाहिजे, हा त्यांचा धर्म. त्यामुळं काकूंनी बंगालचं नाव काढलं की आबा हातातली नळी टाकून भिंतीशी येतात.

"कुठला इंग्रज ओ बाई?"

"हॅवेल. ई. बी. हॅवेल. १८९६ ला कलकत्त्याच्या सरकारी आर्ट स्कूलचा प्रिन्सिपॉल झाला. येऊन बघतो तर शाळेच्या गॅलरीत ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रती आणि युरोपातली दुय्यम तैलचित्रं. म्हणाला, हे काढा, इथं मुघल चित्रं लावा, आपल्या कारागिरांची कामं ठेवा. झालं, पोरं बिथरली! त्यांना वाटलं, साहेब आपल्याला खरी, मोठी कला शिकू देत नाही, कारागीर करून ठेवणार. वर्तमानपत्रांनीही पोरांचीच बाजू घेतली. रणदाप्रसाद गुप्त नावाचा विद्यार्थी पुढारी झाला, पोरं बाहेर पडली आणि १८९७ मध्ये त्यांनी आपली वेगळी ज्युबिली आर्ट अकॅडमी काढली."

"ज्युबिली म्हणजे राणीची?"

"व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली तेच वर्ष. म्हणजे बघ, इंग्रज म्हणतोय देशी शिका, आणि देशी पोरं राणीच्या ज्युबिलीचं नाव लावून विलायती शिकतायत."

आबा खूश झाले. "पोरांचं बरोबरच होतं की. नजरेला दिसतं ते हातातून उतरवायला यायला पायजे. आधी ते, मग बाकीचं. आमच्या कोल्हापुरात आबालाल रहिमान काय, बाबूराव पेंटर काय, सगळे त्याच वाटेनं गेले. धुरंधर इथलेच. जे. जे.त शिकले, तिथंच मास्तर झाले."

"त्यांना कोण नाव ठेवतंय? पण आबा, तुमच्या रविवर्म्यावर त्या काळात काय काय टीका झाली ते सांगू का?"

आबांच्या बैठकीत रविवर्म्याची लक्ष्मी आहे, प्रेसची जुनी छपाई. तो प्रेस १८९४ ला मुंबईत निघाला आणि पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, हे आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांतले देव त्या दगडी छापावरून उतरलेत. त्यामुळं रविवर्म्याला कुणी बोललं तर आबांना ते घरच्या माणसाला बोलल्यासारखं लागतं.

"सांगा," आबा म्हणाले, पण आवाज उतरला.

"भगिनी निवेदिता. मूळची आयरिश बाई, विवेकानंदांची शिष्या. तिला रविवर्म्याची शकुंतला अजिबात खपली नाही. ती पत्र लिहिणारी, जमिनीवर पालथी पडून कमळाच्या पानावर लिहितेय ना, ती. निवेदितांचं म्हणणं, चांगल्या घरची मुलगी असं चारचौघांत पसरेल का? देव आणि पौराणिक माणसं नाटकातल्या नटांसारखी दिसायला लागलीत, हा त्या सगळ्या मंडळींचा मुख्य राग. अंग मांसल, साडी खरी, दागिना खरा, पण पुराणातली व्यक्ती कुठं आहे, असं ते विचारायचे."

"शकुंतलेला सासूच्या नजरेनं बघितलंय बाईनं," मी म्हटलं. काकू हसल्या, पण खोडून काढलं नाही.

मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या, म्हणजे जोडासाँकोच्या ठाकुरांच्या वाड्यावर. तिथले अवनींद्रनाथ म्हणजे रवींद्रनाथांच्या चुलत भावाचा मुलगा, जन्म १८७१ चा. आधी तेही विलायती पद्धतच शिकले, गिलार्डी नावाच्या इटालियनाकडं पेस्टल आणि पामर नावाच्या इंग्रजाकडं तैलरंग. मग मुघल आणि राजपूत लघुचित्रं पाहून मन फिरलं. कृष्णलीलेची चित्रं काढली. हॅवेलची आणि त्यांची गाठ पडली आणि १९०५ मध्ये हॅवेलनं त्यांना थेट शाळेचं उपप्राचार्यपद दिलं.

"आणि त्याआधीचं ते शहाजहानचं चित्र," काकू म्हणाल्या. "म्हातारा बादशहा पडल्या पडल्या लांबवर ताज बघतोय, पायाशी लेक बसलीय. १९०२ चं. दिल्ली दरबारच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळालं. अवनींद्रनाथांची स्वतःची लहान मुलगी प्लेगानं गेली होती. ते दुःख त्या चित्रात उतरलं, असं त्यांनीच पुढं सांगितलंय. आता गंमत ऐका. देशी चित्रकलेचं म्हणून गाजलेलं ते चित्र कशात आहे? तेलरंगात! बोर्डावर."

आबांनी भिंतीवर थाप मारली. "म्हंजे आमचाच माल!"

"तेवढ्यापुरता तुमचाच. पण मग जपानी आले."

जपान्यांची गोष्ट काकू फार रंगवून सांगतात. ओकाकुरा नावाचे जपानी विद्वान १९०१-०२ च्या सुमाराला कलकत्त्यात येऊन राहिले. सगळा आशिया एक आहे, हे त्यांचं तत्त्वज्ञान. परत गेल्यावर १९०३ मध्ये त्यांनी आपले दोन चित्रकार धाडले, योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो. हे दोघं त्यांच्या देशात बदनाम होते. जपानी चित्रात रेषेचा मान मोठा, आणि हे रेषा पुसून नुसत्या ओल्या रंगाच्या छटांनी धुकं, पाऊस, चांदणं काढायचे. तिकडच्या टीकाकारांनी त्यांच्या शैलीला हिणवून धूसर, अस्पष्ट असं नाव ठेवलं होतं.

"जोडासाँकोच्या वाड्यात ताइकान चित्र काढायला बसला आणि अवनींद्रनाथ शेजारी बसून बघत राहिले. ताइकान रुंद सपाट ब्रशनं कागदाला नुसतं पाणी लावायचा, ओल धरली की वरून रंगाचा हलका हात. अवनींद्रनाथ म्हणाले, ब्रशनं कशाला? अख्खं चित्रच पाण्यात बुडवून बघू. आणि बुडवलं."

"रंगवलेलं चित्र? पाण्यात?" आबा मनापासून हादरले. "अन् मग राहिलं काय?"

"तेच तर सांगते. जे राहतं त्यालाच वॉश म्हणायचं."

इथं काकू आत गेल्या आणि एक जाड हातकागद, दोन इंच रुंदीचा सपाट ब्रश आणि टिपकागदाचा गठ्ठा घेऊन आल्या. मला वाटलं, आता नुसतं दाखवणार. पण काकूंनी माझ्याकडूनच बागेतली उथळ पत्र्याची परात धुऊन मागवली. शिक्षकी पेशा अंगातून जात नाही.

सांगितलं ते असं. कागद जाड हवा आणि त्याला खळ चांगली बसलेली हवी, कारण तो पुन्हा पुन्हा पाण्यात जाणार. त्या काळी व्हॉटमन नावाचा विलायती कागद वापरत. स्वदेशीच्या चळवळीतलं चित्र आणि कागद लँकेशायरच्या भावकीतला, असं काकू म्हणाल्या, आणि लगेच, "कागद केंटचा असायचा, पण साहेबाचाच ना," अशी भर घातली. आधी पेन्सिलीनं अगदी फिकट रेखाटन. त्यावर तपकिरी रंगाची बारीक रेघ. मग आकारांत पातळ, पारदर्शक रंग सपाट भरायचे, छायाप्रकाश नाही. हे पूर्ण वाळू द्यायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण, हाताच्या पाठीला गार लागता कामा नये.

"मग परातीत पाणी घेऊन कागद सरकवायचा. दोन-चार मिनिटं. वरवर बसलेला रंग सुटून पाण्यात जातो. पाणी गढूळ होतं, नवशिक्याचा जीव जातो. पण कागदाच्या धाग्यात शिरलेला रंग तिथंच राहतो. आता कागद उचलून निथळायचा, पाटावर पसरायचा, टिपकागदानं वरचं पाणी उचलायचं. चकाकी गेली पण ओल आहे, अशी वेळ साधायची. त्या वेळी एकाच रंगाचा अगदी पातळ हात, समज निळसर राखाडी, सगळ्या चित्रावरून एका दमात फिरवायचा. चेहऱ्यावर, डोक्यामागच्या तेजोवलयावर उजेड हवा, तर तिथून ओलसर स्वच्छ ब्रशनं रंग उचलून घ्यायचा. वाळवायचं. जे आकार फार बुडाले ते परत रंगानं उठवायचे. परत पाण्यात."

"असं किती वेळा?" मी विचारलं.

"चित्र म्हणेल तितक्या. पाच वेळा, दहा वेळा. सगळ्यात शेवटी बारीक ब्रशनं डोळे, बोटं, दागिन्याची रेघ आणि गरज असेल तिथं जाड पांढरा. तो पांढरा आधी लावलास तर पुढच्या पाण्यात विरघळून सगळ्या चित्रावर दुधाची साय धरते."

आबा आता टीका विसरून कारागीर झाले होते. परातीत वाकून बघत होते. "बिघडतं कुठं?"

काकूंना हाच प्रश्न हवा होता. पहिली घाई वाळवण्याची. रंग ओला असताना कागद बुडवला तर नाक-डोळे परातीत तरंगतात. दुसरी, ओल सारखी नसेल तर अर्ध्या वाळलेल्या जागी पाणी सरकून कडक कडांचे डाग पडतात, ते पुन्हा जात नाहीत. तिसरी सगळ्यात वाईट. लागोपाठच्या हातांत एकमेकांना मारणारे रंग आले, आज तांबूस, उद्या हिरवट, परवा जांभळा, तर चार फेऱ्यांत चिखल होतो. आणि घासून घासून कागदाची खळ मेली, तर तो टिपकागदासारखा पाणी पितो आणि वर लव उठते.

"चिखल ओळखायचा कसा? सगळ्यात गडद जागा उन्हाकडं तिरकी धरून बघ. चांगल्या वॉशमध्ये तिथंसुद्धा खालचा कागद श्वास घेताना दिसतो. चिखलात तिथं नुसतं अंधारलेलं."

आबांनी कागद उन्हाकडं धरला, तिरका केला, मान हलवली आणि परत केला. मग त्यांना आपली बाजू आठवली. "ते ठीक. पण बाई, ही बोटं बघा की! त्यांच्या चित्रातल्या बायकांची बोटं वितीएवढी, डोळे कानापर्यंत. हाडं हाईत का नाही आत?"

"हेच त्या वेळी बंगाल्यांनीही विचारलं. 'साहित्य' मासिकाचे संपादक सुरेश समाजपती यांनी तर या लांबट बोटांची महिनोन्महिने टर उडवली. अवनींद्रनाथांनी उत्तर म्हणून शरीरशास्त्रावरच पुस्तिका लिहिली. त्यांचं म्हणणं, आपल्या शिल्पशास्त्रात अवयव हाडांवरून मोजत नाहीत. डोळा मासोळीवरून किंवा कमळाच्या पाकळीवरून, मान शंखावरून, धड गायीच्या मुखावरून, हाताचा पुढचा भाग कोवळ्या केळीवरून घ्यायचा. कवी सांगतात तेच चित्रकारानं खरं मानायचं."

"मग कवीनंच काढावं चित्र," आबा पुटपुटले. मला विचाराल तर या मुद्द्यावर मी अर्धी आबांकडं आहे. अवनींद्रनाथांच्या हातून ती बोटं शोभतात, कारण त्या माणसानं आधी पामरसाहेबाकडं हाडं शिकून घेतली होती. ज्यांनी ती कधी शिकलीच नाहीत त्यांच्या चित्रात बोटं पडवळासारखी लोंबतात.

तेवढ्यात काकूंनी फोनवर 'भारतमाता' काढली. १९०५ चं चित्र, बंगालच्या फाळणीच्या वर्षातलं. आधी ती 'बंगमाता' होती. भगवं वस्त्र, चार हात, एकात पोथी, एकात भाताच्या लोंब्या, एकात पांढरं वस्त्र, एकात जपमाळ. म्हणजे विद्या, अन्न, वस्त्र आणि दीक्षा. पायाशी कमळं. मूळ चित्र वहीच्या पानापेक्षा फार मोठं नाही.

"सिंह कुठाय?" आबांनी विचारलं. त्यांनी गणेशमंडळांसाठी कितीतरी भारतमाता रंगवल्यात, सगळ्या सिंहासकट आणि मागं नकाशा.

"सिंह नाही, नकाशा नाही, त्रिशूळ नाही. ही साधी बंगाली पोरसवदा बाई आहे. निवेदितांना हे चित्र इतकं आवडलं की त्याच्या प्रती छापून देशभर घरोघर पोचवाव्यात, असं त्या म्हणाल्या. एका जपानी चित्रकारानं ते मोठं करून पताकेवर काढलं आणि स्वदेशीच्या मिरवणुकीत ती पताका नेली. पण नीट बघ, ती उभी कुठं आहे? जमीन दिसत नाही. धुक्यातून वर येते आहे. वॉशचा इथं खरा उपयोग झाला. देश अजून हाताला लागलेला नाही, डोळ्यापुढं येतोय, एवढंच त्या पाण्यानं सांगितलं. हीच बाई तुम्ही तेलरंगात, ठसठशीत सावली पाडून काढली असती, तर शेजारची विमलवहिनी भगवी साडी नेसून उभी राहिली असती."

आबांना राग यायला हवा होता, पण विमलवहिनींच्या नावानं हसू आलं.

मग काकूंनी आवाज हलका केला. खरी कुजबुज आता होती. १९०७ मध्ये या मंडळींनी कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट काढली. सभासद कोण? सुरुवातीचे बहुतेक सगळे युरोपियन. अध्यक्ष कोण? लॉर्ड किचनर, हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती!

"राष्ट्रीय चित्रकलेचा अध्यक्ष गोरा सेनापती?" मी विचारलं.

"हो. बाहेर विलायती कापडाच्या होळ्या चालल्यात आणि आत न्यायाधीश नि लष्करी साहेब शंकर-सतीची चित्रं बघतायत. म्हणून ते खोटं ठरत नाही. साहेबानं पैसे दिले, पण काय काढायचं ते सांगितलं नाही. चित्रं साध्या माणसापर्यंत पोचवली ती रामानंद चॅटर्जींच्या मासिकांनी, 'प्रवासी' आणि 'मॉडर्न रिव्ह्यू'. रंगीत छपाईची पानं असायची. आणि रोगही तिथूनच पसरला, असं माझं मत. छापलेल्या पानात पाण्याची खोली उतरत नाही, नुसता मळकट राखाडीपणा उतरतो. मूळ चित्र न पाहिलेल्या पोरांनी तो मळकटपणाच शैली म्हणून उचलला. मग जो उठला तो झुकलेली मान, मिटलेले डोळे, मागं धुकं."

अवनींद्रनाथांच्या पोरांमधले सगळ्यात गुणी नंदलाल बोस. त्यांची एक गोष्ट काकूंनी सांगितली. नंदलालनी तपश्चर्या करणारी उमा काढली. गुरूंनी बघितली, म्हणाले, फार कोरडी आहे, थोडा रंग घाल, काहीतरी नटव. नंदलाल गुमान चित्र घेऊन घरी गेले. इकडं गुरूंना रात्रभर झोप नाही. ती तपाला बसलेली, तिला मी नटवायला का सांगितलं? उजाडताच धावत नंदलालच्या घरी. नंदलाल ब्रश घेऊन बसलेच होते. चित्राला हात लागला नव्हता म्हणून वाचलं.

"असा मास्तर पायजे," आबा म्हणाले. बंगाल्याबद्दलचं त्यांचं पहिलं चांगलं वाक्य.

"आता तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते, आबा. १९०९ ते ११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम नावाच्या बाई अजिंठ्याला आल्या. भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती करायच्या होत्या. त्याआधी आपल्या जे. जे.च्या पोरांनी ग्रिफिथ्ससाहेबाच्या हाताखाली वर्षानुवर्षं प्रती केल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच लंडनला आगीत गेल्या. हेरिंगहॅमबाईंच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल, असितकुमार हालदार, व्यंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त ही मंडळी आली. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. आता विचार करा, धुक्यात हात बसलेली ही पोरं कंदील घेऊन त्या भिंतीपुढं उभी राहिली. तिथं धुकं आहे?"

आबा अजिंठ्याला तीनदा जाऊन आलेत. "छे! रेघ बघा तिथली. दणदणीत. खांदे, मांड्या, सगळं भरीव."

"हेच. मुघल चित्रात धुकं नाही, राजपूत चित्रात नाही, अजिंठ्यात नाही. भारतीय म्हणून जो धूसरपणा गाजला तो जपानचा, आणि जपानातही तो नवाच होता, शिव्या खाणारा. नंदलालना हे कळलं, असं त्यांच्या पुढच्या कामावरून दिसतं. ते शांतिनिकेतनात कलाभवनात गेले आणि हळूहळू वॉश बाजूला पडला. टेम्परा आला, भित्तिचित्रं आली, ठसठशीत रेघ आली. रवींद्रनाथांनीही १९१६ ला जपान बघितल्यावर घरच्यांना लिहिलं होतं की आपली चित्रं फार लहान आणि भिडस्त आहेत."

"आणि आपल्याकडं काय आलं त्यातलं?" मी विचारलं.

"फैजपूर. १९३६. काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन, आपल्या खानदेशात. गांधीजींनी मंडप सजवायला नंदलालना बोलावलं. त्यांनी बांबू, चटया, गावात मिळेल त्या वस्तू वापरून सगळं उभं केलं, आपले म्हात्रे इंजिनीअर सोबतीला. दोन वर्षांनी हरिपुऱ्याला त्यांनी ऐंशीहून जास्त पोस्टर काढली. ढोलकीवाला, शिंपी, बैल, दळण दळणारी बाई. हातकागद, मातीचे रंग, चार रेघांत माणूस. रस्त्यानं जाणाऱ्याला लांबूनच दिसायला हवं, म्हणून."

आबा गप्प झाले. पोस्टर हा शब्द त्यांच्या घरचा होता. "म्हंजे बंगालचा सगळ्यात मोठा चित्रकार शेवटी माझ्याच धंद्यात आला की," ते म्हणाले, "तेही पाण्यात न बुडवता!"

काकूंनी वाद घातला नाही. वॉशबद्दलचा त्यांचा निकाल ठरलेला आहे: अवनींद्रनाथांची पंधरा-वीस चित्रं आणि नंदलालची सुरुवातीची काही, एवढ्यांसाठी ते तंत्र जन्मलं आणि तेवढ्यावर ते वसूल झालं. बाकीच्यांनी पाणी वाया घालवलं. कुणाला स्वतः करून बघायचं असेल, तर सुरुवात एकाच रंगावर करावी, ट्यूबमधला भडक थॅलो निळा दूर ठेवावा, कारण तो एकदा धाग्यात शिरला की दहा पाण्यांतही हलत नाही, आणि कागद पुरता वाळल्याशिवाय परातीकडं वळूच नये.